देवळाच्या छतावरील सौरसंच: वर्गणीआधी मागायचा हिशेब

सांगली जिल्ह्यातील एका मोठ्या गावाच्या देवस्थान समितीने अलीकडे एक निवेदन प्रसिद्ध केले. मंदिरातील दिवे आणि पंखे यांसाठी सभामंडपाच्या छतावर १० किलोवॅटचा सौरसंच बसवायचा आहे, खर्च साडेपाच लाखांच्या घरात आहे, एकूण १८ पॅनेल लागतील आणि एका पॅनेलमागे ३१ हजार रुपये देणाऱ्या भाविकाचे नाव त्या पॅनेलवर घालण्यात येईल, असा त्याचा आशय होता. त्यावरून गावात दोन तट पडले. एका तटाचे म्हणणे असे, की शाळेच्या खोल्या गळत असताना देवाला सौरऊर्जा कशाला. दुसऱ्याचे म्हणणे असे, की देवाच्या कार्यात हिशेब विचारणे हाच कृतघ्नपणा आहे. दोन्ही बाजू आवेशाने बोलत आहेत आणि दोघीही एकाच प्रश्नाभोवती फिरत आहेत: द्यावे की न द्यावे? माझ्या मते हा प्रश्न दुय्यम आहे. सौरसंच बसवावा आणि त्यासाठी वर्गणीही द्यावी, असेच माझे मत आहे. मात्र निवेदनात ज्या आकाराचा, ज्या जागेवरचा आणि ज्या अटींवरचा संच मागितला आहे, तो तसाच बसवला तर भाविकांचे निम्मे पैसे छतावर पडून राहतील आणि दहा वर्षांनी समितीला पुन्हा फलक लावावा लागेल. वस्तू मागितली गेली आहे. ती वस्तू पंचवीस वर्षे चालवण्याची तजवीज कोणी मागितलेली नाही, आणि कोणी विचारलेलीही नाही.

प्रथम आकाराचे पाहू, कारण निवेदनातील १० हा आकडा कुठून आला याचा खुलासा त्यात नाही. बहुधा तो छताच्या मापावरून आला असावा. एक किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते आणि मंडपाचे छत हजार चौरस फुटांचे आहे, म्हणून १० किलोवॅट. परंतु संच किती मोठा असावा हे छत ठरवत नाही, वीजबिल ठरवते. या मापाच्या देवळाचा वापर मांडून पाहू. मंडपात २४ पंखे आहेत असे धरू. जुना छताचा पंखा सुमारे ७५ वॅट घेतो. २४ पंख्यांचे १,८०० वॅट झाले. ते दिवसाला आठ तास चालले तर साडेचौदा युनिटांच्या आसपास वीज लागते, पण ती वर्षातील जेमतेम आठ महिने, कारण थंडीत पंखे बंदच असतात. वर्षाचे सुमारे ३,४५० युनिट झाले. एलईडीच्या ४० नळ्या रोज सहा तास, आणि शिखरावर प्रकाश टाकणारे चार मोठे दिवे रात्रभर, यांचे मिळून दिवसाला नऊ युनिटांहून थोडे कमी, म्हणजे वर्षाचे ३,२०० युनिट. दोन्ही मिळून वर्षाची गरज साडेसहा ते पावणेसात हजार युनिटांची आहे. आपल्या भागात एक किलोवॅटचा संच पावसाळा आणि धूळ जमेस धरून वर्षाला सुमारे १,४०० युनिट देतो. म्हणजे या देवळाला पाच किलोवॅट पुरेसे आहेत. १० किलोवॅटचा संच १४,००० युनिट देईल आणि त्यातील निम्म्याहून अधिक वीज देवळाच्या उपयोगाची नसेल.

उरलेली वीज वाया जाणार नाही, ती महावितरणला विकता येईल, असे यावर उत्तर दिले जाते. हे अर्धे खरे आहे. नेट मीटरिंगमध्ये दिवसा महावितरणच्या जाळ्यात सोडलेले युनिट रात्री वापरलेल्या युनिटांतून वजा होतात आणि शिल्लक पुढील महिन्याच्या बिलात ओढली जाते. देवळाचे दिवे रात्रीचे आणि वीज दिवसाची, ही अडचण या व्यवस्थेमुळेच सुटते. परंतु ही शिल्लक आर्थिक वर्षाच्या अखेरीपर्यंतच टिकते. त्यानंतर उरलेले युनिट कंपनी ठरावीक दराने विकत घेते आणि तो दर आपण वीज घेतो त्या दराच्या जवळपासही नसतो. सोयीसाठी आपण वाचवलेल्या युनिटाची किंमत ९ रुपये आणि विकलेल्या युनिटाची ३ रुपये धरू, आणि किलोवॅटमागे बसवणीचा खर्च ५५ हजार धरू. पाच किलोवॅटला पावणेतीन लाख लागतील आणि वर्षाला सुमारे ६० हजार वाचतील. पैसे साडेचार-पाच वर्षांत वसूल होतील. त्यानंतरचे पाच किलोवॅट बसवण्यासाठी आणखी पावणेतीन लाख घालावे लागतील आणि त्यांतून वर्षाला मिळतील फार तर २२ हजार. पहिल्या नऊ पॅनेलांना वर्गणी देणाऱ्या भाविकांचे दान देवळाचे बिल भरील. दुसऱ्या नऊ पॅनेलांना देणाऱ्यांचे दान महावितरणला स्वस्त वीज पुरवील. या दुसऱ्या नऊ जणांना हे कोणी सांगितले आहे का?

बिल शून्य होईल, हे वाक्यही अशा निवेदनांत सर्रास असते आणि तेही खरे नाही. एकही युनिट वापरले नाही तरी स्थिर आकार भरावाच लागतो. शिवाय युनिटांच्या वजावटीचे नियम नियामक आयोग वेळोवेळी बदलतो. आजचे नियम पंचवीस वर्षे तसेच राहतील असे गृहीत धरून कोणीही वचन देऊ नये.

आता जागेकडे येतो, कारण माझ्या समजुतीप्रमाणे या निवेदनातील सर्वांत मोठी चूक तेथे आहे आणि तिच्याविषयी कोणीच बोललेले नाही. आपली बहुतेक देवळे पूर्वाभिमुख असतात. गाभारा पश्चिमेला, त्यावर शिखर, आणि पुढे पूर्वेला सभामंडप. सूर्य दुपारनंतर पश्चिमेकडे कलला की शिखराची सावली नेमकी सभामंडपाच्या छतावर पडू लागते. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असल्यामुळे ती सावली लांब होते आणि ईशान्येकडे सरकत जाते. पावसाळा सरल्यावर, आकाश सर्वांत स्वच्छ असण्याच्या दिवसांत, दुपारी अडीच-तीननंतर मंडपाच्या छताचा मोठा भाग सावलीत जातो. पॅनेले एकामागून एक जोडून त्यांची एक माळ केलेली असते आणि माळेतून वाहणारा प्रवाह एकच असतो. त्यामुळे एका पॅनेलावर पडलेली सावली त्या पॅनेलापुरती राहत नाही; ते पॅनेल वगळून प्रवाह पुढे नेण्याची सोय आत असली तरी माळेचे उत्पादन घटतेच. कळसाच्या दांड्याची किंवा ध्वजाची बारीक सावलीसुद्धा सरकत-सरकत एकेका पॅनेलावरून जाते. अशा छतावर वर्षाचे चौथाई उत्पादन सहज जाऊ शकते आणि वर मांडलेला १,४०० युनिटांचा आकडा तेथे लागू राहत नाही.

यावर उपाय नाही असे नाही. सावली सरकते त्या दिशेने पॅनेलांच्या दोन स्वतंत्र माळा करून त्या इन्व्हर्टरच्या वेगवेगळ्या टोकांना जोडल्या तर एका माळेवरील सावलीचा फटका दुसरीला बसत नाही. पण आधी सावली मोजायला हवी, आणि त्यासाठी कोणताही तज्ज्ञ लागत नाही. डिसेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, दिवस सर्वांत लहान असताना, एका स्वच्छ दिवशी सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता छतावर सावलीच्या कडा खडूने आखाव्यात. तिन्ही वेळा उन्हात राहिलेला जो भाग असेल, तीच खरी उपलब्ध जागा. ती जागा पाच किलोवॅटपुरती निघाली तरी पुष्कळ झाले. ठेकेदाराने उन्हाळ्यात येऊन फीत लावून छत मोजले आणि १० किलोवॅट सांगितले, तर त्याने चौरस फूट मोजले, ऊन मोजलेले नाही.

मंडपाऐवजी भक्तनिवासाच्या किंवा मंगल कार्यालयाच्या मोकळ्या स्लॅबवर संच बसवावा, असा पर्याय लगेच सुचतो आणि तांत्रिकदृष्ट्या तो चांगलाही आहे. मात्र तेथे मीटरचा प्रश्न येतो. केवळ पूजाअर्चेसाठी वापरल्या जाणाऱ्या जागेला महाराष्ट्रात घरगुती दराने वीज मिळते. त्याच देवस्थानाचे भाड्याने दिले जाणारे सभागृह मात्र व्यापारी दरात मोडते. अनेक देवस्थानांत म्हणूनच दोन मीटर असतात. नेट मीटरिंगची वजावट संच ज्या मीटरला जोडला असेल त्या मीटरवर होते. मंगल कार्यालयाच्या मीटरला संच जोडला तर कमी होईल ते लग्नांच्या हंगामातील बिल, मंदिरातील दिव्या-पंख्यांचे नव्हे. व्यापारी दर जास्त असल्याने समितीची बचत तेथे अधिक होईल हे मान्य. पण मग दिवे आणि पंखे यांसाठी म्हणून गोळा केलेला पैसा समारंभाच्या भाड्यावरील नफा वाढवायला वापरला जाईल. समितीला हेच करायचे असेल तर तिने तसे उघड लिहावे. भाविक कदाचित त्यालाही हरकत घेणार नाहीत. हरकत आहे ती एका नावाने मागून दुसऱ्या मीटरला जोडण्याला.

येथे पहिल्या तटाच्या आक्षेपाकडे वळतो, कारण तो हलका नाही. गावात शाळेची खोली गळते, आरोग्य उपकेंद्रात पाणी नाही, आणि साडेपाच लाख देवळाच्या छतावर जातात, याचे वाईट वाटणे स्वाभाविक आहे. परंतु या आक्षेपात एक गोष्ट सुटते. देवळाची वीज आजही फुकट नाही. तिचे पैसे दानपेटीतूनच जातात आणि दर महिन्याला जातात. संच बसल्यावर वर्षाला साठ हजार रुपये दानपेटीत उरणार आहेत. मग आक्षेप घेणाऱ्यांनी लढायचे ते संचाविरुद्ध की त्या साठ हजारांच्या विनियोगासाठी? हे पैसे कुठे जातील हे निवेदनात लिहून घेणे, आणि ते विश्वस्त व्यवस्थेच्या उद्देशांत बसत असेल तर त्यातील काही भाग शाळेकडे वळवायला लावणे, हे संच रोखण्यापेक्षा शाळेच्या अधिक हिताचे आहे. देवस्थानाच्या घटनेत शिक्षणाचा उद्देश नसेल तर ते सोपे होणार नाही, हे खरे. तरीही वाचलेला पैसा डोळ्यांसमोर असला की निदान त्याविषयी बोलता येते.

दुसरा आक्षेप असा, की देवस्थानाच्या लाखोंच्या ठेवी बँकेत आहेत, मग भाविकांपुढे हात का पसरायचा? हा प्रश्न मला अधिक टोकदार वाटतो. पावणेतीन लाखांची ठेव सात टक्क्यांनी वर्षाला एकोणीस हजार देते; तीच रक्कम योग्य आकाराच्या संचात घातली तर साठ हजार वाचवते. ज्या देवस्थानाकडे मोकळी शिल्लक आहे त्याने ती वापरावी, हे साध्या हिशेबाला धरून आहे. पण सर्व ठेवी मोकळ्या नसतात. एखाद्याने अन्नदानासाठी, एखाद्याने अभिषेकासाठी कायम ठेव दिलेली असते आणि तिचे व्याजच खर्च करता येते. म्हणून मोकळी शिल्लक किती आणि बांधलेली किती, हे दोन आकडे निवेदनात आले की हा वाद तिथेच मिटतो. ते न देता वर्गणी मागितली तर संशय घेणाऱ्याला दोष देता येत नाही.

संच फुकट बसवून देतो, वीज तेवढी आमच्याकडून स्वस्तात घ्या, असे सांगणाऱ्या कंपन्याही येतात आणि वर्गणीच नको म्हणून काही विश्वस्त त्या बाजूला झुकतात. त्यात छत वीस-पंचवीस वर्षे कंपनीच्या ताब्यात जाते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ नुसार विश्वस्त व्यवस्थेची इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. करारात भाडेपट्टा हा शब्द नाही म्हणून सुटका होईल, या भरवशावर कोणी राहू नये. सही करण्याआधी मसुदा धर्मादाय कार्यालयात दाखवून घ्यावा. केंद्राच्या सूर्यघर योजनेच्या अनुदानावरही हिशेब उभारू नये. ती २०२४ ची योजना घरांसाठी आणि गृहनिर्माण संस्थांसाठी आहे. वीजदर घरगुती असला म्हणून देऊळ घर होत नाही.

आता दुसऱ्या तटाचे, म्हणजे हिशेब विचारू नये म्हणणाऱ्यांचे. त्यांच्या बोलण्यातही एक खरा मुद्दा आहे. गावातील विश्वस्त बिनपगारी काम करतात, यात्रेत रात्र-रात्र जागतात, आणि त्यांना प्रत्येक रुपयासाठी उभे केले तर उद्या समितीवर यायला कोणी तयार होणार नाही. हे मी मान्य करतो. पण देवाच्या कार्यात हिशेब विचारू नये ही परंपरा कोणती? पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरातील चौऱ्याऐंशीचा शिलालेख यादवकाळातील, १२७३ ते १२७७ या वर्षांतील आहे, आणि तो मुख्यतः देणाऱ्यांची व त्यांनी दिलेल्या रकमांची नोंद आहे. आपल्याकडची हिशेबाची रीत दगडात कोरलेली आहे, ती कोणा लेखापरीक्षकाने आणलेली नाही. त्याहून बोलका दाखला तंजावरचा आहे. अकराव्या शतकाच्या आरंभी राजराज चोळाने बांधलेल्या बृहदीश्वर मंदिराच्या शिलालेखांत अखंड दिव्यासाठी दिलेल्या दानांची नोंद आहे. तेथे दाता केवळ दिवा देऊन थांबत नाही. एका दिव्यामागे ९६ मेंढ्या देतो. त्या मेंढ्या एका ठरावीक मेंढपाळाच्या स्वाधीन केल्या जातात, त्याने रोज मापाने तूप पोहोचवायचे असते, आणि कळपातील म्हाताऱ्या झालेल्या व मेलेल्या मेंढ्यांच्या जागी नव्या भरून संख्या कायम ठेवायची असते. दिवा, इंधन, जबाबदार माणूस आणि झीज भरून काढण्याची अट, हे सगळे एकाच दानात आहे. आपल्या निवेदनात यांपैकी फक्त दिवा आहे.

सौरसंचाची झीज कशी होते ते आता सांगतो, म्हणजे हा दाखला ओढूनताणून आणलेला वाटणार नाही. पॅनेल टिकाऊ असते. दरवर्षी अर्धा-पाऊण टक्का उत्पादन कमी होत ते पंचवीस वर्षे चालते. इन्व्हर्टरचे तसे नाही. तो साधारण आठ ते बारा वर्षांत बदलावा लागतो आणि पाच किलोवॅटचा नवा इन्व्हर्टर चाळीस-पन्नास हजारांना पडतो. त्या वेळी समितीतील माणसे बदललेली असतात, वर्गणी देणारे म्हातारे झालेले असतात, आणि छतावरच्या चांगल्या पॅनेलांखाली बंद पडलेली पेटी लटकत राहते. पुष्कळ सरकारी इमारतींवर आणि शाळांवर हे दृश्य दिसते. उपाय साधा आहे: वाचणाऱ्या साठ हजारांपैकी दरवर्षी पंधरा हजार वेगळ्या खात्यात टाकायचे. दहा वर्षांत दीड लाख जमतात. त्यात इन्व्हर्टरही येतो आणि दरवर्षीच्या साफसफाईचा व किरकोळ दुरुस्तीचा खर्चही निघतो. हा ठराव संच बसवण्याच्या आधी व्हायला हवा, कारण बसवल्यावर वाचलेला पैसा कुठेतरी खर्ची पडायला लागतो आणि मग तो बाजूला काढणे कोणालाच जमत नाही.

साफसफाईचे म्हणाल तर देवळाच्या छताची तऱ्हा घराच्या छताहून वेगळी आहे. म्हसवडच्या रथयात्रेत गुलाल उधळला जातो, पालीच्या खंडोबाच्या यात्रेत भंडारा उधळला जातो. अशा प्रत्येक उत्सवानंतर काचेवर रंगाचा थर बसतो आणि तो पावसाची वाट पाहत सोडून दिला तर दव पडून घट्ट होतो. कबुतरे आणि पिंपळ यांची भर निराळी. सांगलीच्या पूर्वेकडच्या तालुक्यांत विंधनविहिरीच्या जड पाण्याने काच धुतली तर क्षारांचे पांढरे डाग उरतात, म्हणून धुतल्यावर लगेच पुसून घ्यावी लागते. आणि धुणे सकाळी, काच तापायच्या आत. संच नीट चालतो की नाही हे ओळखायलाही फार ज्ञान लागत नाही. पाच किलोवॅटच्या, सावली नसलेल्या संचाने स्वच्छ दिवशी वीस युनिटांच्या आसपास वीज द्यायला हवी. मार्च-एप्रिलमध्ये थोडी जास्त, आषाढात बरीच कमी. पुजाऱ्याने किंवा शिपायाने संध्याकाळी इन्व्हर्टरवरचा आकडा एका वहीत लिहिला तर पंधरा दिवसांत चढउतार कळतो. स्वच्छ ऊन असताना आकडा हळूहळू घसरत असेल तर मळ आहे. एकाएकी निम्म्यावर आला असेल तर एक माळ तुटली आहे. ही वही मंडपात टांगलेली असावी. पॅनेलवर देणगीदाराचे नाव लावण्यापेक्षा तिचा उपयोग अधिक होईल. आणि नावे लावायचीच तर कृपा करून काचेवर चिकटवू नयेत, कारण तीसुद्धा सावलीच असते.

नदीकाठच्या देवळांसाठी एक वेगळी सूचना. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी सांगलीत कुठपर्यंत आले होते हे काठावरच्या प्रत्येक गावाला ठाऊक आहे. इन्व्हर्टर आणि जोडपेट्या त्या रेषेच्या वरच असाव्यात, मग तारेची लांबी थोडी वाढली तरी चालेल.

या वादात सर्वांत दाट गैरसमज मात्र वीज गेल्यावर काय होईल याविषयी आहे. निवेदन वाचणाऱ्या बहुतेकांना वाटते, की आता आरतीच्या वेळी वीज गेली तरी देऊळ उजळलेले राहील. तसे होणार नाही. जाळ्याशी जोडलेला साधा संच वीज जाताच स्वतःहून बंद पडतो, भर दुपारीसुद्धा. हा दोष नाही. खांबावर चढलेल्या वायरमनला छतावरून आलेल्या विजेचा धक्का बसू नये म्हणून मुद्दाम ठेवलेली ती व्यवस्था आहे. वीज गेल्यावरही दिवे हवे असतील तर बॅटरी आणि तिला साजेसा इन्व्हर्टर लागतो, आणि तेथे खर्च एकदम वाढतो. संध्याकाळी सगळे पंखे आणि नळ्या दोन तास चालवायच्या तर आजच्या पंख्यांनिशी पाच युनिटांहून अधिक साठा हवा. तेच पंखे बदलून तीस वॅटचे बीएलडीसी पंखे बसवले तर तीन युनिटांत काम भागते.

पंखे बदलण्याचा मुद्दा म्हणून संचाच्या आधी यायला हवा होता. तीन हजारांच्या हिशेबाने २४ पंख्यांना बहात्तर हजार लागतील आणि वर्षाला दोन हजारांवर युनिट वाचतील. तेवढीच वीज छतावर तयार करायची तर दीड किलोवॅट, म्हणजे ऐंशी हजारांच्या पुढे खर्च येतो. पैशांतील फरक थोडा आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण पंख्यांना सावलीची चिंता नाही, वीज कंपनीने मीटरला मंजूर केलेल्या भाराची अट नाही, वर्षअखेरच्या दराची भीती नाही, आणि पंखे बदलल्यावर साडेतीन किलोवॅटचा संचही वर्षाची गरज भागवतो. गाभारा, पायऱ्या आणि प्रदक्षिणामार्ग यांपुरता घरगुती इन्व्हर्टर व एक बॅटरी वेगळी ठेवली की आरतीची सोय वीस-पंचवीस हजारांत होते. सगळा मंडप बॅटरीवर चालवण्याचा अट्टहास कशासाठी? यात्रेच्या रोषणाईचे तर नावच काढू नये. ती एरवीच्या भाराच्या कितीतरी पट असते आणि ती तात्पुरत्या जोडणीवर किंवा जनरेटरवरच चालत राहील.

तेव्हा समितीने जुने निवेदन मागे घेऊन नवे काढावे. ते एका पानात मावते. मागील बारा महिन्यांचे प्रत्येक मीटरचे युनिट आणि रक्कम, डिसेंबरमध्ये आखलेल्या सावलीचा नकाशा, मंजूर भार, मोकळी शिल्लक, निदान तीन लेखी दरपत्रके आणि इन्व्हर्टर निधीचा ठराव, एवढे त्यात असावे. दरपत्रकांचा आग्रह मी माझ्या लहरीने धरत नाही. पाच हजारांवरील दुरुस्ती वा बांधकामासाठी निविदा मागवल्या होत्या का, याची नोंद विश्वस्त व्यवस्थेच्या लेखापरीक्षकाला अहवालात करावीच लागते; मग लाखोंच्या संचाला तोच न्याय का नको? मागणी पंखे, पाच किंवा साडेतीन किलोवॅटचा संच आणि आरतीपुरती बॅटरी, या क्रमाने असावी, आणि प्रत्येकासाठी स्वतंत्र रक्कम लिहावी. पंख्याला तीन हजार देणारा मजूर आणि पॅनेलला एकतीस हजार देणारा बागायतदार या दोघांनाही मग आपापल्या ऐपतीने सहभागी होता येईल. रक्कम कमी जमली तर फक्त पंखे बदलावेत आणि संच पुढच्या वर्षी घ्यावा. जास्त जमली तर संच मोठा न करता वरची रक्कम इन्व्हर्टरच्या खात्यात जाईल, असे पावतीवरच छापावे.